सूत्रातील न लिहिलेले क्रियापद

जळकोटच्या आमच्या मंडळीत दर एकादशीला हरिपाठ झाला, की तासभर नारदभक्तिसूत्रांचे वाचन होते. सूत्रे एकंदर चौऱ्याऐंशी. एकाने मूळ वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि मग ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारायचे, असा आमचा क्रम आहे. मागल्या एका एकादशीला बहात्तरावे सूत्र निघाले. त्याचा अर्थ आम्ही आमच्या जुन्या वहीतून वाचून दाखविला : “भक्तांमध्ये जात, विद्या, रूप, कुळ, धन, क्रिया यांवरून भेद नसावा.” सगळ्यांनी माना डोलविल्या. मागे खांबाशी बसलेले एक वृद्ध शेतकरी मात्र म्हणाले, “महाराज, ‘नसावा’ असं तुम्ही म्हणायलाव, का सूत्रातच हाय तसं?”

आम्ही पोथी पुन्हा उघडली. सूत्राचा पहिलाच शब्द ‘नास्ति’ असा आहे. नास्ति म्हणजे नाही. ‘नसावा’ हा शब्द आमच्या पदरचा होता. कित्येक वर्षे आम्ही तो अर्थ सांगत आलो आणि आमच्या ध्यानात ते आले नाही. त्या प्रश्नावरून जो अभ्यास करावा लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. सूत्रात क्रियापद स्पष्ट असतानाही आमच्याकडून असे झाले. मग ज्या सूत्रांत क्रियापद मुळी लिहिलेलेच नाही, तिथे आपण काय काय घालून मोकळे होत असू, हा खरा प्रश्न आहे. आणि अशी सूत्रे पुष्कळ आहेत.

क्रियापदावाचून वाक्य

क्रियापदाशिवाय वाक्य ही कुणी जगावेगळी गोष्ट समजू नये. आपल्या घरात रोज ती चालते. दारी पाहुणा आला की आपण विचारतो, “नाव काय? गाव कोणतं?” यात ‘आहे’ कुठेच नाही, आणि कुणाचे अडतही नाही. आमचा भाग तर तीन-चार भाषांच्या शेवेवरचा. देगलूर-मुखेडकडचा तेलुगू बोलणारा माणूस ‘ना पेरु’ म्हणून पुढे आपले नाव सांगतो. बिदरकडचा कानडी माणूस ‘नन्न हेसरु’ म्हणून तसेच सांगतो. दोघांच्याही वाक्यात क्रियापद नाही. उर्दू बोलणाऱ्याला मात्र शेवटी ‘है’ म्हटल्यावाचून बरे वाटत नाही. मराठी मधली. ‘माझं नाव अमुक’ हेही चालते, ‘माझं नाव अमुक आहे’ हेही चालते.

संस्कृत या बाबतीत तेलुगू-कानडीच्या शेजारी बसते. दोन नामे एकाच विभक्तीत जवळ ठेवली, की ‘हे ते आहे’ असा अर्थ आपोआप निघतो. व्याकरणकारांनी याचा नियमही सांगून ठेवला आहे. पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणारे कात्यायन म्हणतात, की वर्तमानकाळातले, प्रथमपुरुषी ‘अस्ति’ हे वापरले नसले तरी असतेच. (संस्कृतातला प्रथमपुरुष म्हणजे मराठी व्याकरणातला तृतीयपुरुष, हे ध्यानात ठेवावे.) पतंजलींनी महाभाष्यात त्यावर झाडाचे उदाहरण दिले आहे. नुसते झाडाचे नाव घेतले तरी ‘आहे’ हे कळतेच, असा त्यांचा भाव.

या नियमातला एकेक शब्द तोलून घ्यावा. कात्यायनांनी ‘कोणतेही क्रियापद’ असे म्हटलेले नाही. ‘अस्ति’ म्हटले आहे, आणि तेही वर्तमानकाळातले. म्हणजे रिकाम्या जागेतून आपोआप मिळते ते फक्त ‘आहे’. ‘होते’, ‘झाले’, ‘होईल’, ‘करावे’, ‘असावे’ यांतले काहीही रिकामी जागा आपणहून देत नाही. ते हवे असेल तर त्याला वेगळा आधार दाखवावा लागतो.

पोटोबा आणि विठोबा

आधार न दाखविता क्रियापद घातले तर काय होते, हे आपल्याच एका म्हणीवरून पाहू. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात क्रियापद नाही. एकजण तिथे ‘असतो’ घालतो : लोकांचा आधी पोटोबा असतो, मग विठोबा. ही झाली टीका. लोक कसे वागतात ते दाखविणारी. दुसरा ‘पुजावा’ घालतो : आधी पोटोबा पुजावा, मग विठोबा. हा झाला उपदेश; उपाशी पोटी भजन होत नाही, तेव्हा आधी जेवून घ्या. शब्द तेच चार, पण एकाने दोष दाखविला आणि दुसऱ्याने परवाना दिला.

म्हणीचे एक बरे असते. ती कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो, त्यावरून क्रियापद कळते. सूत्रापाशी बोलणारा समोर नसतो. तिथे प्रसंगाचे काम मागची-पुढची सूत्रे करतात. म्हणून न लिहिलेले क्रियापद शोधायचे, तर आपल्या मनात न पाहता शेजारच्या सूत्रांत पाहावे लागते. बाहेरून शब्द आणून वाक्य पुरे करणे याला ‘अध्याहार’ म्हणतात. मागल्या सूत्रातला शब्द पुढल्या सूत्रात ओढून घेणे याला ‘अनुवृत्ति’ म्हणतात. मागून मिळत असेल तर बाहेरून आणू नये, हा जुन्या अभ्यासकांचा दंडक. घरातल्या कणगीत ज्वारी असताना बाजारातून उधार कशाला आणायची?

आचार्यांनी कसे केले

आता एक मोठे उदाहरण घेऊ. ब्रह्मसूत्रांचे पहिले सूत्र तीन शब्दांचे आहे : ‘अथ’, ‘अतः’ आणि ‘ब्रह्मजिज्ञासा’. क्रियापद नाही. नुसते ‘आहे’ घालून पाहिले तर ‘आता म्हणून ब्रह्म जाणण्याची इच्छा आहे’ असे काहीतरी निघते. कुणाची इच्छा, कशासाठी, याचा पत्ता लागत नाही. मग दुसरे काय घालावे?

योगसूत्रांच्या आरंभीही ‘अथ’ आहे, आणि तिथे पुढे ‘योगानुशासन’ असा शब्द आहे. त्या ‘अथ’चा अर्थ व्यासभाष्यात ‘अधिकार’, म्हणजे विषयाचा आरंभ, असा केला आहे. तिथे ‘आरंभिले आहे’ असा शेवट सहज जुळतो, कारण शास्त्र सांगायला आरंभ करता येतो. तोच शेवट ब्रह्मसूत्राला लावता येईल का? श्रीशंकराचार्य म्हणतात, नाही. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, आणि इच्छा ही काही ग्रंथकाराने आरंभ करून द्यायची वस्तू नव्हे. म्हणून इथल्या ‘अथ’चा अर्थ त्यांनी ‘त्यानंतर’ असा घेतला. विवेक, वैराग्य, शमदमादि आणि मुमुक्षुत्व ही चार साधने अंगी आल्यानंतर, असा. आणि शेवटी ‘कर्तव्या’ म्हणजे ‘करावी’ हा शब्द घालून वाक्य पुरे केले.

इथे आचार्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ‘करावी’ हा शब्द त्यांना आवडला म्हणून आला नाही. जे क्रियापद सहज सुचत होते ते त्यांनी आधी पुढे आणले, ते का बसत नाही त्याचे कारण दिले, आणि मग दुसरे घेतले. तरीही काम संपले नाही. पुढल्या टीकाकारांपुढे शंका उभी राहिली, की इच्छेचा आरंभ होत नाही तशी इच्छेची आज्ञा तरी कशी करता येईल? ‘तहान लाग’ असे म्हणून कुणाला तहान लागत नाही. म्हणून विवरणाच्या परंपरेत ‘जिज्ञासा’ शब्दाचा अर्थ लक्षणेने ‘विचार’ असा घेतला. विचार करा, असे सांगता येते. एक क्रियापद घातले तर त्याच्यापायी शेजारच्या शब्दाचा अर्थही असा हलवावा लागतो. अध्याहार फुकट मिळत नाही, तो असा.

आणि एवढे करूनही दुसरे आचार्य दुसरे सांगतात. श्रीरामानुजाचार्यांनीही ‘अथ’चा अर्थ ‘नंतर’ असाच घेतला. पण कशानंतर, तर वेदाच्या कर्मभागाचा विचार झाल्यानंतर. सूत्रातली रिकामी जागा तीच, पण ती भरताना प्रत्येकाचा सगळा सिद्धांत पणाला लागला.

नारदांची सूत्रे

भक्तिसूत्रे म्हणून दोन ग्रंथ प्रसिद्ध आहेत, शांडिल्यांचा आणि नारदांचा. शांडिल्यांचा आरंभ ब्रह्मसूत्रासारखाच आहे. फक्त ‘ब्रह्मजिज्ञासा’च्या जागी ‘भक्तिजिज्ञासा’. म्हणजे क्रियापद तिथेही नाही, आणि वरची सारी चर्चा तिथेही लागू होते. नारदांनी मात्र पहिल्याच सूत्रात ‘व्याख्यास्यामः’ असे धडधडीत क्रियापद लिहिले आहे : आम्ही व्याख्यान करू. इथे कुणाला काही घालायची सोयच नाही. यावरून एक गोष्ट कळते. नारदांच्या सूत्रांत क्रियापद कुठे आहे आणि कुठे नाही, हे सहज घडलेले दिसत नाही. जिथे हवे तिथे ते लिहितात.

दुसऱ्या सूत्रात भक्ती परमप्रेमरूप म्हटली आहे आणि तिसऱ्यात अमृतस्वरूप. दोन्हीकडे क्रियापद नाही. चौथ्यात भक्ती मिळाल्यावर माणसाचे काय होते ते सांगितले आहे, आणि तिथे ‘भवति’ हे क्रियापद एकदा नव्हे, तीनदा आले आहे : सिद्ध होतो, अमृत होतो, तृप्त होतो. आता पुष्कळदा निरूपणात ऐकू येते, की ‘भक्ती परमप्रेमरूप होते’. ऐकायला गोड आहे. पण होते म्हणजे आधी तशी नव्हती, मग झाली. नारदांनी ‘होणे’ माणसाच्या वाट्याला ठेवले आणि भक्तीच्या वाट्याला नुसती रिकामी जागा ठेवली, म्हणजे ‘आहे’. माणूस बदलतो, भक्तीचे स्वरूप जे आहे ते आहे. दुसऱ्या सूत्रात ‘होते’ घातले की चौथ्या सूत्राने केलेला हा भेद बुजून जातो. घातलेले क्रियापद चुकीचे आहे हे ओळखण्याची ही एक खूण : त्याने शेजारच्या सूत्रातले लिहिलेले क्रियापद निरर्थक होते.

पुढे बारावे आणि तेरावे सूत्र एकत्र घ्यावे. बाराव्याचा पहिला शब्द ‘भवतु’, म्हणजे ‘असो’, ‘असू द्यावे’. निश्चय दृढ झाल्यावरही शास्त्राचे रक्षण असू द्यावे, असा त्याचा आशय. तेराव्यात दोनच शब्द आहेत. ‘अन्यथा’ म्हणजे ‘नाहीतर’. दुसरा ‘पातित्यशङ्का’ हा शब्द, तृतीया विभक्तीत : ‘पतित होण्याच्या शंकेने’. क्रियापद नाही. आम्ही याचा अर्थ ‘नाहीतर माणूस पतित होतो’ असा ऐकलेला आहे आणि सांगितलेलाही आहे. पण यात दोन चुका आहेत. एक, ‘होतो’ बाहेरून आणले. वास्तविक मागल्या सूत्रातले ‘भवतु’ हाताशी होते. दुसरी, ‘होतो’ येताच ‘शंका’ हा शब्द हवेत उडाला. नारदांनी धोका सांगितला आहे. आपण निकाल देऊन बसलो. ‘भवतु’ मागून आणले, की वाक्य सरळ बसते : शास्त्राचे रक्षण असू द्यावे, कारण एरवी पतनाची शंका आहे. यात सावध राहण्याची सूचना आहे. ज्याच्याकडून एखादा विधी चुकला त्याला पतित ठरविण्याचा अधिकार या सूत्रातून कुणालाही मिळत नाही.

‘नाही’ आणि ‘नसावा’

आता आमच्या वहीतल्या चुकीकडे येऊ. बहात्तर, त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर ही तीन सूत्रे लागोपाठ ठेवून पाहिली, म्हणजे सारे स्वच्छ दिसते.

बहात्तराव्यात ‘नास्ति’ लिहिले आहे. भक्तांमध्ये जातिविद्यादि भेद नाही. सूत्रकार जे आहे ते सांगत आहेत. ‘आहे’ हे क्रियापद संस्कृतात न लिहिता चालते, हे वर पाहिले. तरी इथे ते लिहिले, कारण ‘नाही’ हे ठासून सांगायचे आहे.

चौऱ्याहत्तराव्यात वाद करू नये असे सांगितले आहे. तिथे ‘अवलम्ब्य’ हा शब्द नकारासह आला आहे. दिसायला तो नामासारखा आहे, पण त्याच्या शेवटच्या ‘य’ प्रत्ययातच ‘पाहिजे’, ‘योग्य’ असा अर्थ दडलेला आहे. नारदांनी हा प्रत्यय इतरत्रही वापरला आहे : तेहेतिसाव्यात भक्तीविषयी ‘ग्राह्य’, त्रेचाळिसाव्यात दुःसंगाविषयी ‘त्याज्य’. अशा ठिकाणी क्रियापद दिसले नाही तरी ‘घ्यावे’, ‘टाकावे’ हे सूत्राने स्वतःच सांगितलेले असते. तो अध्याहार नव्हे. म्हणून रिकामी जागा आहे असे ठरविण्याआधी शब्दांचे शेवट पाहून घ्यावेत.

आता विचार करा. ‘करू नये’ असे म्हणण्याचे साधन ज्यांच्या हाताशी होते, आणि दोनच सूत्रांनंतर ज्यांनी ते वापरले, त्यांनी भेदाविषयी ते वापरले नाही. त्यांना ‘भेद नसावा’ म्हणायचे असते, तर त्यांना ते म्हणता आले असते. त्यांनी ‘नाही’ म्हटले.

राहिले मधले त्र्याहत्तरावे. तेही दोनच शब्दांचे : ‘यतः’ म्हणजे ‘कारण’, आणि ‘तदीयाः’ म्हणजे ‘त्याचे’, देवाचे. भेद का नाही, याचे कारण या सूत्रात आहे. क्रियापद नाही. आमच्या वहीत इथे ‘कारण ते देवाचे झाले’ असे लिहिलेले निघाले. ‘झाले’ हा भूतकाळ. कात्यायनांचा नियम रिकाम्या जागेतून वर्तमानकाळच देतो. मागल्या सूत्रात पाहावे, तर तिथेही ‘अस्ति’च आहे, फक्त नकार इथे येत नाही, आणि अनेकवचन करून घ्यावे लागते. दोन्ही वाटांनी एकच क्रियापद मिळते : ‘आहेत’. कारण ते त्याचे आहेत.

‘झाले’ आणि ‘आहेत’ यांत इतका काय फरक, असे कुणी म्हणेल. ‘झाले’ म्हटले की लगेच प्रश्न उभे राहतात. केव्हा झाले? कुणी करून घेतले? झाल्याची खूण काय? जो अजून झाला नाही त्याचे काय? दारात उभे राहून हे प्रश्न विचारणारा एक माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे बहुधा आपणच. ‘नसावा’चेही तसेच आहे. भेद नसावा म्हणणारा, भेद आहे असे मनात धरून बोलतो, आणि तो मिटविण्याचे श्रेय स्वतःकडे घेतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याला असे काही करता येत नाही. जो भेद मुळात नाहीच, तो मानणारा माणूस चुकत आहे एवढेच उरते. आणि ती चूक सुधारायची ती त्याची त्याने.

आम्ही हे सारे पुढल्या एकादशीला मंडळीपुढे मांडले. ते वृद्ध गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मंग वहीत खोडा की ते.” आम्ही खोडले. ‘नसावा’च्या जागी ‘नाही’ लिहिले, आणि ‘झाले’ काढून ‘(आहेत)’ असे कंसात लिहिले.

तो कंस महत्त्वाचा आहे. सूत्राचा अर्थ लिहून घेताना मुळात नसलेला प्रत्येक शब्द कंसात घालावा, म्हणजे पुढल्या वाचणाऱ्याला सूत्राचे कोणते आणि आपले कोणते हे वेगळे दिसते. आमची चूक इतकी वर्षे टिकली, ती कंस नव्हता म्हणून. आम्ही घातलेला शब्द नारदांच्या तोंडचा होऊन बसला होता.

ज्यांना हा अभ्यास स्वतः करून पाहायचा असेल, त्यांनी आठव्या सूत्रापासून अकराव्यापर्यंतची चार सूत्रे घ्यावीत. आठव्यात ‘निरोध’ म्हणजे काय ते सांगितले आहे. नवव्यात ‘अनन्यता’ आणि ‘उदासीनता’ हे दोन शब्द आले आहेत, शेवटी ‘च’ म्हणजे ‘आणि’ आहे, आणि क्रियापद नाही. तिथे ‘आहे’ घालावे की ‘असावी’? तो ‘च’ नवव्या सूत्राला मागल्या कोणत्या गोष्टीशी जोडतो ते पाहावे. दहावे आणि अकरावे सूत्र याच दोन शब्दांचे काय करतात ते पाहावे. आणि बाराव्याच्या आरंभी ‘भवतु’ येईपर्यंत सूत्रकारांनी एकदा तरी ‘असावे’ म्हटले आहे काय, तेही पाहावे. मग जे क्रियापद ठरेल ते कंसात लिहावे.